शिफारसपत्र देता येत नाही तेव्हा



आपल्या महाराष्ट्रातील शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'अभ्यासातील प्रगती' आणि 'वर्तणूक' असे दोन रकाने असतात. आपणांपैकी बहुतेकांच्या घरी ट्रंकेत किंवा कपाटात तो दाखला असेलच. सवडीने काढून पाहावा. दोन्ही रकान्यांत 'चांगली' हा एकच शब्द लिहिलेला आढळेल. वर्गात पहिला येणाऱ्याचीही प्रगती चांगली, आणि दोनदा नापास होऊन शाळा सोडणाऱ्याचीही चांगली. मी स्वतः प्राथमिक शाळेत मुख्याध्यापक असताना शेकडो दाखल्यांवर हा शब्द लिहिला आहे आणि त्याबद्दल मला यत्किंचितही खंत वाटत नाही. कारण त्या रकान्यातील 'चांगली' या शब्दाचा अर्थ इतकाच, की या मुलाला दुसऱ्या शाळेने आत घेण्यास आमची हरकत नाही. वाचणाऱ्यालाही तो तेवढाच समजतो.

परंतु या सवयीमुळे एक घोटाळा होऊन बसला आहे. दाखला आणि शिफारसपत्र या दोन अगदी निराळ्या वस्तू आहेत, हे आपण विसरलो आहोत. गुरुजी दाखल्यावर सही करतात, तशीच त्यांनी शिफारसपत्रावरही करावी, अशी पालकांची समजूत असते. आणि न केली तर गुरुजींनी आपला हक्क बुडवला असे त्यांना वाटते. आज जे सांगावयाचे आहे ते या दोहोंमधील फरकासंबंधी, आणि ज्याच्या कामाची स्तुती प्रामाणिकपणे करता येत नाही अशा विद्यार्थ्याला शिफारसपत्र नाकारण्याची पाळी आली असता शिक्षकाने नेमके काय करावे, यासंबंधी.

दाखला हा विद्यार्थ्याचा हक्क होय. तो अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत शाळेत होता, अमुक इयत्ता उत्तीर्ण झाला, या नोंदवहीतील गोष्टी. त्या खऱ्या असतील तर शिक्षकाला त्या आवडोत वा न आवडोत, लिहून दिल्याच पाहिजेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये तर, शाळा बदलणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकाने ताबडतोब दाखला द्यावा, विलंब केल्यास तो शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरेल, असे स्पष्ट म्हटले आहे. २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात पुण्यातील एका महाविद्यालयासंबंधी मोठा वाद वृत्तपत्रांतून गाजला. परदेशी नोकरी मिळालेल्या एका माजी विद्यार्थ्याचे म्हणणे असे, की आपले शिक्षण तेथे झाले एवढी खात्री मालकास कळविण्याचे महाविद्यालयाने टाळले, आणि त्यामागे जातीचे कारण होते. महाविद्यालयाने हा आरोप नाकारला आणि विद्यार्थ्याच्या वर्तणुकीकडे बोट दाखविले. त्या प्रकरणात कोणाची बाजू किती खरी, याचा निवाडा येथे बसून करणे मला शोभणार नाही. परंतु एवढे खचित म्हणता येईल, की 'हा आमच्याकडे शिकला' हे वाक्य दाखल्याच्या जातीचे आहे, शिफारशीच्या नव्हे. ते अडवून धरण्यास वर्तणुकीचे कारण पुरत नाही.

शिफारसपत्र मात्र साक्ष आहे. साक्षीदाराने पाहिले तेवढेच सांगावे. याचे आपल्याकडील थोर उदाहरण म्हणजे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींचे. मुंबईच्या विल्सन हायस्कुलात ते शिक्षक होते आणि बालक भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होते. म्हणजे वर्गातील गुरुशिष्याचे नाते नव्हतेच. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा नित्य पुस्तक घेऊन बसतो, हे केळुसकरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, त्याची विचारपूस केली, त्याला वाचावयास पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा झालेल्या सत्काराच्या सभेत त्यांनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे त्याच केळुसकरांनी त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव यांच्या भेटीस नेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. या हकिकतीत केळुसकरांच्या शब्दाला वजन आहे, कारण ते मुलाला ओळखत होते. भेटेल त्या मुलाला घेऊन ते महाराजांकडे जात असते, तर चौथ्या खेपेस दारावरच्या शिपायानेही त्यांना आत सोडले नसते.

आता आपल्या गोंदियाकडे वळतो. आमच्या भागातील तरुणांना शिफारसपत्र लागते ते कोठे? सरकारी शिक्षकभरतीत ते चालत नाही. तेथे पात्रता परीक्षा आणि अभियोग्यता चाचणीचे गुण पाहतात. ते लागते खाजगी संस्थांच्या विनाअनुदानित शाळांत, निवासी वसतिगृहांत, एखाद्या पतसंस्थेत किंवा पाठ्यवृत्ती देणाऱ्या संस्थेत. तेथील चालकांना उमेदवाराची प्रत्यक्ष माहिती नसते, म्हणून ते त्याच्या जुन्या गुरुजींना विचारतात. विचारणाऱ्याला दुसरे साधन नाही, म्हणूनच येथे खोटे लिहिणे अधिक वाईट.

मी केवळ मॅट्रिक झालेला आणि अध्यापनाची पदविका घेतलेला शिक्षक. आमगाव तालुक्यातील एका जिल्हा परिषदेच्या शाळेतून २०१९ साली निवृत्त झालो. त्याच्या आदल्या पावसाळ्यात, म्हणजे २०१८ साली, आमच्या शाळेत अध्यापक विद्यालयाचे काही छात्राध्यापक आंतरवासितेसाठी आले होते. त्यांपैकी एक आमच्याच गावचा. लहानपणी माझ्याच हाताखाली शिकलेला. बाप भातगिरणीत पोती उचलणारा, आई विड्या वळणारी. मुलगा गोड गळ्याचा, गावच्या दंडारीत काम करणारा. दुसरीच्या वर्गाला गोष्ट सांगू लागला की मुले मधल्या सुटीची घंटा विसरत. हे मी पाहिले आहे.

त्याचप्रमाणे पुढचेही पाहिले आहे. पाचवीच्या वर्गाला त्याने हातच्याच्या वजाबाकीचा पाठ दिला. फळ्यावर ४०२ मधून १७८ वजा करून दाखविले, उत्तर २२४ बरोबर आले. नंतर त्याच पद्धतीची, पण तीच संख्या घेऊन, वजाबाकी मुलांना वहीत करावयास सांगितली. दुसऱ्या दिवशी मी वह्या चाळल्या. चौतीस मुलांपैकी अकरांच्या वहीत उत्तर होते ३७६. ज्यांनी कधी प्राथमिक वर्ग शिकविला आहे त्यांना या ३७६ चा उगम तत्काळ कळेल. एककाच्या घरात दोनातून आठ जात नाहीत, म्हणून मूल उलटून आठातून दोन वजा करते, सहा लिहिते. दशकात शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सातातून शून्य, सात. शतकात चारातून एक, तीन. म्हणजे मुलाला वजाबाकी येत नाही असे नव्हे, तर लहान संख्या मोठीतून काढावी हा नियम ते प्रत्येक घराला स्वतंत्रपणे लावते आहे. मधल्या घरात शून्य आले की ही चूक हमखास बाहेर पडते. म्हणून अनुभवी शिक्षक मुद्दाम तसे उदाहरण घालतो. दशकाचा गठ्ठा सोडून काड्या मोकळ्या करून दाखविल्या की दोन दिवसांत ती जाते. दुर्लक्ष केले तर भागाकारापर्यंत पाठ सोडीत नाही.

तर त्या अकराही वह्यांत ३७६ च्या पुढे लाल शाईची बरोबरची खूण होती, आणि खाली 'छान' असे लिहून आमच्या या छात्राध्यापकाची सही होती. वह्या न वाचता तपासल्या होत्या. मी त्याला जवळ बसवून दाखविले, काड्यांचे गठ्ठे घेऊन पाठ पुन्हा घेण्यास सांगितले. त्याने उद्यावर ढकलले, मग परवावर. अखेरीस तो पाठ मीच घेतला. पुढे त्याची पाठ-टाचणाची वही पाहू लागलो, तर तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, शाळेला सुटी असताना, गणिताचा पाठ घेतल्याची नोंद! पटसंख्या एकेचाळीस लिहिलेली. कोणा दुसऱ्या शाळेतील जुन्या वहीवरून उतरविलेले टाचण होते. मी त्याच वेळी त्याच्या टाचणाखाली लाल शाईने शेरा लिहिला, तारीख घातली, आणि त्याला वाचून दाखविला.

२०२२ च्या मे महिन्यात तो माझ्या घरी आला. देवरीकडील एका खाजगी निवासी शाळेत पाचवी ते सातवीच्या गणिताची जागा होती आणि संस्थेने दोन शिफारसपत्रे मागितली होती. त्या शाळेत मुले राहतात ती बहुशः गोंड आणि हलबी कुटुंबांतील. आईबाप जंगलाच्या कडेच्या गावी, पाऊसकाळात भेटीलाही येऊ न शकणारे. वही घरी उघडून पाहणारे तेथे कोणीच नाही. ३७६ च्या पुढे बरोबरची खूण झाली, की ती वर्षभर तशीच राहावयाची.

अशा वेळी पुष्कळ सज्जन शिक्षक एक पळवाट काढतात. ते पत्र लिहितात, पण कोमट लिहितात. 'उमेदवार माझ्या परिचयाचा असून सुस्वभावी व नियमित आहे, अक्षर सुवाच्य आहे, त्यास माझ्या शुभेच्छा आहेत.' गणिताच्या शिक्षकाच्या शिफारशीत गणिताचा उल्लेख नाही आणि अक्षराची स्तुती आहे, हे पाहताच मुरलेला चालक समजायचे ते समजतो. उमेदवाराला मात्र वाटते की गुरुजींनी चांगले लिहिले. पाकिटात घालून त्याच्याच हाताने त्याच्याविरुद्ध साक्ष पाठविण्याचा हा प्रकार मला नाकारण्यापेक्षा अधिक क्रूर वाटतो. दुसरी पळवाट टोलवाटोलवीची: उद्या ये, परवा ये, सध्या तब्येत बरी नाही. त्यात अर्जाची मुदत निघून जाते आणि त्या मुलाला दुसऱ्या कोणाकडे जाण्याचीही सवड उरत नाही. नाही म्हणावयाचे असेल तर ते पहिल्या भेटीतच, निदान दोनतीन दिवसांत सांगितले पाहिजे.

तथापि नाही म्हणण्यापूर्वी शिक्षकाने स्वतःची झडती घ्यावयास हवी. ती मी अशी घेतो. कागदावर उमेदवाराच्या कामासंबंधी तीन वाक्ये लिहावयाची, आणि प्रत्येक वाक्यात मी प्रत्यक्ष पाहिलेला एक प्रसंग असला पाहिजे. तीन वाक्ये होत नसतील तर दोन कारणे संभवतात. एक, त्याचे काम तसे नव्हते. दुसरे, ते मी पाहिलेच नाही. मागच्या बाकावर बसणारा, दुसऱ्या वस्तीतला, माझ्या बोलीपेक्षा निराळी बोली बोलणारा म्हणून माझे लक्ष गेले नाही. या दुसऱ्या कारणाने नकार द्यावयाचा असेल तर शब्द निराळे हवेत: 'तुझे काम मी पुरेसे पाहिलेले नाही, ज्याने पाहिले त्याच्याकडे जा.' तेथे 'तुझे काम चांगले नाही' असे म्हणणे हा अन्याय होईल. आणि पोवारी बोलणाऱ्या घरातील मुलाचे काम मला कच्चे आणि माझ्या नात्यातील मुलाचे पक्के वाटू लागले, तर शिक्षकाने आधी आपलाच चष्मा पुसून घ्यावा.

माझ्यापुढील प्रकरणात काम मी पाहिले होते. पण ते चार वर्षांपूर्वीचे. चार वर्षांत मनुष्य सुधारत नाही असे कोण म्हणेल? मी त्याला म्हटले, "जुन्या गोष्टीवर मी तुला तोलणार नाही. परवा सकाळी ये. शाळेला सुटी आहे, तेव्हा माझ्याच ओसरीवर गल्लीतील चार मुले बसवतो. तीच वजाबाकी शिकवून दाखव."

तो आला, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. त्याने गठ्ठे आणि काड्याही आणल्या होत्या. ५०३ मधून २६७ वजा करण्याचे उदाहरण घेतले, पद्धत नीट समजावून सांगितली, उत्तर २३६ काढले. पूर्वीपेक्षा खचित बरे. मग मुलांना करावयास सांगितले. एका मुलीने पाटीवर ३६४ लिहून दाखविले. त्याने 'नाही, चूक' म्हणून पाटी पुसली, बरोबर उत्तर लिहून दिले आणि पुढच्या मुलाकडे वळला. मुले गेल्यावर मी त्याला विचारले, "त्या पोरीचे ३६४ कोठून आले?" तो गोंधळला. म्हणाला, "गुरुजी, तिचं लक्ष नव्हतं." मी त्याला तीच आकडेमोड घरोघर उलटी करून दाखविली. तो मान हलवीत राहिला. पण गणिताच्या शिक्षकाची जागा मागणाऱ्याला हे मी दाखवावे लागले, येथेच माझा निर्णय झाला.

तेव्हा मी त्याला जे सांगितले ते असे. "गणिताच्या जागेसाठी मी तुझी शिफारस करू शकत नाही. कारण तू आज पाहिलेस. आंतरवासितेचा दाखला पाहिजे तर तारखा आणि पाठांची संख्या घालून लिहून देतो, तो तुझा हक्क आहे. लहान मुलांना भाषा शिकविण्याची जागा कोठे निघाली, तर मी होऊन पत्र लिहीन आणि त्यात तीन नव्हे, पाच प्रसंग घालीन. ही गोष्ट मी गावात कोणाजवळ बोलणार नाही; संस्थेला आपण होऊन फोन करणार नाही. पण त्यांनी मला विचारले, तर तुला सांगितले तेच त्यांना सांगेन. म्हणून माझे नाव अर्जात घालू नकोस." हे शेवटचे वाक्य बोलणे फार आवश्यक असते. नकार देऊन मागाहून गुपचूप कळविणारा शिक्षक आणि कोमट पत्र लिहिणारा शिक्षक यांत मला अंतर दिसत नाही.

भाषेच्या पत्राविषयी तो म्हणाला, "तशी जागा कुठं आहे, गुरुजी?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. सांप्रत या जिल्ह्यात पदविका घेतलेले तरुण पुष्कळ आणि जागा थोड्या. भुकेल्याला ताटातील दुसरा पदार्थ सुचवावा, तशी माझी ती सूचना त्याला वाटली असल्यास नवल नाही.

त्याच संध्याकाळी त्याचे वडील आले. पायरीवरच बसले, वर या म्हटले तरी आले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, दोन ओळी लिहून देल्या तं तुमचं का जाते?" या प्रश्नाला तत्त्वज्ञान सांगून भागत नाही. मी त्यांना विचारले, "भाऊ, गिरणीत कट्टा मोजून देता ना? पन्नास किलोच्या कट्ट्यात चाळीस भरून वर पन्नासाचा शिक्का मारा असे मालक म्हणाला, तर तुमचे काय जाते?" ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मालक म्हणते तं माराच लागते, गुरुजी." हे उत्तर मला अपेक्षित नव्हते. गरिबाला शिक्का नाकारण्याची सोय नसते. मला निवृत्तिवेतन आहे, म्हणून ती आहे. हा भेद ध्यानात ठेवूनच मी माझे म्हणणे कायम ठेवले. त्यांना एवढेच सांगितले, की तुमचा मुलगा दर रविवारी येईल तर वर्षभर मी त्याला शिकवीन, आणि जमले तर पुढल्या मे महिन्यात स्वतः पत्र लिहीन. फी अर्थातच नाही.

तो दोन रविवार आला. मग त्याला दुसरीकडून पत्रे मिळाली, एक तर एका पुढाऱ्याच्या छापील कागदावर, आणि जूनअखेर शाळा उघडल्या तेव्हा त्याची त्या निवासी शाळेत नेमणूक झाली. संस्थेने मला काही विचारले नाही, मीही कळविले नाही. पूर्वी तो दरवर्षी दसऱ्याला सोने द्यावयास येई, तो त्या वर्षापासून येईनासा झाला. वडील मात्र येतात, आणि आता पायरीवर न बसता वर ओसरीवर बसतात. मी विचारतो, "पोरगा कसा आहे?" ते म्हणतात, "बरा आहे, शिकवते." वजाबाकीचा विषय आम्ही दोघेही काढीत नाही.